कॅप 3 ची, तरी जाहिरात दिवसातून सात वेळा कशी दिसते?

डिस्प्ले कॅम्पेन चालवणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार वर्षातून दोन-तीनदा तरी ऐकावी लागते. क्लायंट म्हणतो, "आमची जाहिरात लोकांना फार वेळा दिसतेय, लोक वैतागलेत." आपण सेटिंग उघडून बघतो तर फ्रिक्वेन्सी कॅप, म्हणजे एका माणसाला जाहिरात जास्तीत जास्त किती वेळा दाखवायची ती मर्यादा, व्यवस्थित लावलेली असते. मग ती आणखी एकाने कमी केली जाते. महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा येते, आणि या वेळी सोबत दुसरीही असते की फॉर्म कमी झाले.

हा चकवा पुन्हा पुन्हा पडतो, कारण आपण कॅप ठरवताना इम्प्रेशन्सचा आकडा बघतो. एकूण जाहिरात किती वेळा दाखवली गेली, एवढंच तो आकडा सांगतो. किती माणसांना, आणि त्यातल्या एकाला किती वेळा, हे त्यात नसतं. गूगल अॅड्समध्ये ते कसं शोधायचं आणि त्यावरून कॅप कशी ठरवायची, ते माझ्या हातून गेलेल्या एका कॅम्पेनवरून सांगते. आकडे डोक्यात बसावेत म्हणून गोल केले आहेत, प्रमाण तेच ठेवलं आहे.

क्लायंट लातूरचा एक कोचिंग क्लास. दहावीच्या निकालाचे दिवस, लातूर, नांदेड, धाराशिव आणि बीड या चार जिल्ह्यांत जाहिरात. दोन डिस्प्ले कॅम्पेन होती. एक नव्या लोकांसाठी, दुसरं रिमार्केटिंगचं, म्हणजे क्लासच्या वेबसाइटवर येऊन गेलेल्यांसाठी. एका पालकांनी थेट क्लासच्या ऑफिसात फोन केला. "अहो, मुलीची अॅडमिशन तुमच्याकडेच होऊन पंधरा दिवस झाले. फी भरली. तरी मोबाईल उघडला की तुमचीच जाहिरात. परवा एका दिवसात मी आठ वेळा मोजली."

आठ वेळा मोजली, हे वाक्य महत्त्वाचं होतं. सेटिंगमध्ये कॅप होती दिवसाला 3.

पहिली चूक: माणसांची बेरीज

महिन्याच्या रिपोर्टमध्ये आम्ही दोन्ही कॅम्पेनची मिळून 30 लाख इम्प्रेशन्स दाखवली होती. त्यातली 21 लाख नव्या लोकांच्या कॅम्पेनची, 9 लाख रिमार्केटिंगची. या आकड्यात काहीच वावगं दिसत नाही, उलट क्लायंट खूश होता.

मग माणसं मोजायला घेतली. कॅम्पेनच्या टेबलवर Columns मध्ये जाऊन Modify columns उघडलं की Unique users आणि Avg. impr. freq. / user हे दोन कॉलम घेता येतात. पहिला सांगतो जाहिरात किती वेगवेगळ्या माणसांपर्यंत गेली, दुसरा सांगतो त्यांना सरासरी किती वेळा दाखवली गेली. नव्या लोकांच्या कॅम्पेनला 2,85,000 युनिक युजर्स निघाले आणि रिमार्केटिंगला 22,500.

आमच्याकडचा नवा मुलगा लगेच म्हणाला, "ताई, मग एकूण 3,07,500 माणसं झाली. 30 लाख भागिले तेवढे, म्हणजे महिन्याला साधारण 9.8. तीन दिवसांतून एकदा. यात वैतागण्यासारखं काय आहे?"

इथेच बहुतेक जण फसतात. इम्प्रेशन्सची बेरीज करता येते, माणसांची येत नाही. वेबसाइटवर येऊन गेलेला माणूस "दहावीनंतर काय" असं शोधणाऱ्यांच्या गटातही असू शकतो, तेव्हा तो दोन्ही कॅम्पेनमध्ये एकेकदा मोजला गेला आहे. नव्या लोकांच्या कॅम्पेनमधून आम्ही रिमार्केटिंगची यादी वगळलीच नव्हती, त्यामुळे असे लोक होतेच. म्हणजे खरी माणसं 3,07,500 पेक्षा कमी, आणि खरी सरासरी 9.8 पेक्षा जास्त.

त्याहून मोठी अडचण अशी की दोन अगदी वेगळ्या गटांची सरासरी एकत्र काढून काहीच कळत नाही. कॅम्पेन वेगवेगळी ठेवून भागाकार केला तर चित्र पालटतं. नव्या लोकांना महिन्याला सरासरी 7.4 वेळा, रिमार्केटिंगवाल्यांना 40 वेळा. फोन करणारे पालक या दुसऱ्या गटात होते. एकूण इम्प्रेशन्सपैकी तीस टक्के इम्प्रेशन्स या लहानशा गटावर पडत होती, आणि 30 लाखांच्या आकड्यात ती लपून गेली होती.

40 म्हणजे नेमकं काय

महिन्याला 40 हा आकडा दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी तयार होऊ शकतो. एखाद्याला रोज एकदा-दीडदा जाहिरात दिसली तरी महिन्याला 40 होतात, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. किंवा महिन्यातल्या पाच-सहा दिवशीच दिसली, पण त्या दिवशी धो धो दिसली, तरीही 40 होतात. दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो. म्हणून कॅपला हात लावण्याआधी हे ओळखायचं.

ओळखण्याची पद्धत सोपी आहे, फक्त थोडी चिकाटी लागते. तारखेचा कालावधी एका दिवसाचा ठेवायचा आणि त्या दिवसाचे युनिक युजर्स लिहून घ्यायचे. असे सोमवार ते रविवार सातही दिवस घ्यायचे, कारण रविवारी मोबाईल वापरण्याची तऱ्हा वेगळी असते. मग सातांची सरासरी काढायची. कॅम्पेन लहान असेल तर एका दिवसाचा आकडा कधी कधी दिसत नाही. तसं झालं तर दिवसाऐवजी आठवडा धरून हाच हिशोब करा, निष्कर्ष थोडा ढोबळ निघेल इतकंच.

आमच्या रिमार्केटिंग कॅम्पेनला रोज सरासरी 30,000 इम्प्रेशन्स होती आणि रोजचे युनिक युजर्स होते 4,500. म्हणजे ज्या दिवशी जाहिरात दिसली त्या दिवशी ती एका माणसाला सरासरी 6.7 वेळा दाखवली गेली. आता महिन्याच्या 40 ला या 6.7 ने भागलं की 6 येतात. सरासरी माणसाला महिन्यातले फक्त सहा दिवस जाहिरात दिसली, पण त्या सहा दिवशी पावणेसात वेळा.

```
महिन्याची सरासरी = दिसण्याचे दिवस × त्या दिवसाची सरासरी
रिमार्केटिंग:  40  ≈ 6   × 6.7
नवे लोक:      7.4 ≈ 5.3 × 1.4
```

नव्या लोकांच्या कॅम्पेनचाही तसाच हिशोब केला. रोजची 70,000 इम्प्रेशन्स, रोजचे 50,000 युनिक युजर्स, म्हणजे दिवसाला 1.4. तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं. त्या कॅम्पेनला आम्ही कॅपच्या बाबतीत हात लावला नाही, आणि हे मुद्दाम सांगते, कारण तक्रार आली की सगळ्या कॅम्पेनवर एकच कॅप फिरवून मोकळं होण्याचा मोह होतो.

या हिशोबातून एक गोष्ट पक्की होते. मारा एकाच दिवसात होत असेल तर दिवसाची कॅप लावायची. रोज थोडं थोडं पण महिनाभर सतत होत असेल तर आठवड्याची किंवा महिन्याची. उलट केलं तर काम होत नाही. दिवसात मारा होतोय आणि तुम्ही आठवड्याला 10 अशी कॅप लावली, तर त्या माणसाला दहाच्या दहा जाहिराती सोमवारी दुपारी दिसू शकतात, मग सहा दिवस शांतता. त्याच्या लेखी सोमवारचा त्रास तसाच राहिला.

जाता जाता एक इशारा. त्याच मुलाने नंतर तीस दिवसांचे युनिक युजर्स एक्सेलमध्ये एकाखाली एक लिहून त्यांची बेरीज केली. 1,35,000 आली. 9 लाख भागिले 1,35,000, उत्तर 6.7. त्याने लिहिलं, "महिन्याची सरासरी 6.7." हा आकडा खोटा नाही, फक्त तो महिन्याचा नाही, दिवसाचा आहे. सोमवारचा माणूस मंगळवारीही आला तर बेरजेत तो दोनदा धरला जातो. महिन्याची माणसं हवी असतील तर तारखेचा कालावधीच महिन्याचा ठेवून कॉलम वाचावा लागतो. आठवड्यांची बेरीज करूनही चालत नाही. रिपोर्टिंगच्या शीटमध्ये एखाद्याने सवयीने बेरजेचं सूत्र खाली ओढलेलं असतं आणि महिनोन् महिने चुकीची फ्रिक्वेन्सी क्लायंटकडे जात राहते. तुमच्या शीटमध्ये युनिक युजर्सच्या कॉलमखाली SUM असेल तर आजच काढून टाका. आणि हा कॉलम एका वेळी जास्तीत जास्त 92 दिवसांचाच मिळतो, तेव्हा वर्षाचा आकडा चार तिमाही जोडून बनवू नका, तोही चुकीचाच येईल.

कॅप 3, मग 6.7 कसे?

आता मूळ प्रश्न. इथे दोन कारणं एकत्र मिसळलेली असतात आणि ती वेगळी केल्याशिवाय उपाय नेमका होत नाही.

पहिलं कारण मोजण्यातलं आहे. डिस्प्ले कॅम्पेनमध्ये कॅपसाठी फक्त दिसलेली इम्प्रेशन्स धरली जातात, म्हणजे जिचा निम्मा तरी भाग स्क्रीनवर किमान एक सेकंद होता ती जाहिरात. पानाच्या तळाशी लोड झालेली, पण माणूस तिथवर पोचलाच नाही, अशी जाहिरात Impr. या कॉलममध्ये येते, कॅपमध्ये मात्र धरली जात नाही. त्यामुळे कॅप 3 आणि रिपोर्टमध्ये सरासरी 5 असं दिसलं तर लगेच काही तुटलंय असं समजू नये.

हे तपासायला Viewable impr. हा कॉलम घ्यायचा. आमच्या रिमार्केटिंगमध्ये 30,000 पैकी रोज सुमारे 18,000 इम्प्रेशन्स दिसलेली होती, म्हणजे साठ टक्के. 18,000 भागिले 4,500 केले की 4 येतात. आता तुलना योग्य आहे: कॅप 3, प्रत्यक्षात 4. शिवाय खालच्या 4,500 मध्ये असेही काही लोक आहेत ज्यांच्या पानावर जाहिरात लोड झाली पण त्यांना दिसलीच नाही. ते वगळले तर ज्यांना दिसली त्यांची सरासरी 4 पेक्षा थोडी वरच जाईल.

सरासरीच कॅपच्या वर असेल तर कुठेतरी गळती नक्की आहे, कारण कॅप नीट लागू असती तर प्रत्येक जण 3 वर थांबला असता आणि सरासरी 3 च्या वर जाऊच शकली नसती. उलट बाजू मात्र खरी नाही. सरासरी कॅपच्या खाली आहे म्हणून गळती नाही, असं म्हणता येत नाही. दहातल्या आठ जणांना एकेकदा आणि दोघांना आठ-आठ वेळा दिसली तरी सरासरी 2.4 च येते.

तर साठ टक्क्यांचा हिशोब करूनही 3 चे 4 होत होते. म्हणजे दुसरं कारण शोधायला हवं होतं, आणि ते सेटिंगमध्येच बसलेलं होतं.

कॅम्पेनच्या Settings मध्ये Additional settings खाली Frequency management आहे. तिथे Set a limit निवडलं की तीन गोष्टी ठरवायच्या असतात: किती वेळा, दिवस-आठवडा-महिना यांपैकी काय, आणि कशाला. ही तिसरी गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत. कॅप पूर्ण कॅम्पेनला लावता येते, प्रत्येक अॅड ग्रुपला वेगळी लावता येते किंवा प्रत्येक जाहिरातीला वेगळी. आमची कॅप जाहिरातीला लावलेली होती. रिमार्केटिंगमध्ये चार जाहिराती होत्या: फीमध्ये सवलतीची, निकालाची, होस्टेलची आणि डेमो लेक्चरची. प्रत्येकीला दिवसाला 3, म्हणजे एका माणसाला दिवसाला 12 पर्यंत पूर्ण मुभा. पालकांनी मोजलेल्या आठ जाहिराती नियमात बसत होत्या.

ही कॅप लावली तेव्हा तिथे एकच जाहिरात होती, त्यामुळे तेव्हा ती बरोबर होती. पुढच्या तीन महिन्यांत नव्या जाहिराती जोडत गेलो आणि कॅप आपोआप चौपट ढिली झाली, कुणी काहीही न बदलता. म्हणूनच ही समस्या परत परत येते. सेटिंगचा आकडा तोच राहतो, त्याचा अर्थ मात्र बदलत जातो.

काय बदललं

कॅप कॅम्पेनच्या पातळीवर आणली. आकडा ठेवला दिवसाला 2. हा 2 कुठून आला? दाखवलेल्यापैकी साठ टक्के दिसतात हे माहीत होतं. म्हणजे दिसलेल्या 2 मागे दाखवलेल्या सुमारे 3.3 येतात, तर रोजची सरासरी 6.7 वरून जास्तीत जास्त तेवढ्यावर येईल असा अंदाज होता. 1 ठेवला असता तरी चाललं असतं, पण प्रवेशाची मुदत जवळ होती. एकदा अंगठ्याने पुढे सरकवलेली जाहिरात संध्याकाळी दुसऱ्यांदा दिसण्याला अशा दिवसांत किंमत असते, असं माझं मत आहे. वर्षभर चालणाऱ्या कॅम्पेनला मी इतकी घाई करणार नाही.

दुसरा बदल कॅपचा नव्हता, पण त्याच्याशिवाय कॅपचा उपयोग झाला नसता. फोन करणाऱ्या पालकांची अॅडमिशन झालेली होती. त्यांच्यासाठी योग्य कॅप 2 नव्हती, शून्य होती. रिमार्केटिंगच्या यादीत माणूस किती दिवस राहील ते आपण ठरवतो आणि ही मुदत 540 दिवसांपर्यंत ठेवता येते. आमची पूर्ण 540 होती. म्हणजे मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांचे पालकसुद्धा यादीत होते. फॉर्म भरून "धन्यवाद" पानावर पोचलेल्यांची वेगळी यादी केली आणि ती दोन्ही कॅम्पेनमधून वगळली. मूळ यादीची मुदत 60 दिवसांवर आणली.

तिसरा बदल: नव्या लोकांच्या कॅम्पेनमधून रिमार्केटिंगची यादी वगळली. एका कॅम्पेनची कॅप दुसऱ्या कॅम्पेनला लागू होत नाही. तोच माणूस दोन्हीकडे असेल तर त्याला दोन्ही कॅप वेगवेगळ्या मिळतात, आणि त्याच्या दृष्टीने जाहिरात एकच असते. तुमच्याकडे एकाच क्लायंटची चार डिस्प्ले कॅम्पेन असतील तर चारही कॅप सुटसुटीत दिसतील, बेरीज मात्र त्या माणसाच्या वाट्याला येईल. त्यावर यादी वगळणं हाच उपाय आहे.

याखेरीज Where ads showed मध्ये जाऊन जाहिराती कुठे दिसल्या ते पाहिलं. मोबाईल अॅपमधल्या, विशेषतः लहान मुलांच्या गेममधल्या जागा भरपूर होत्या. गेम चालू असताना खालची जाहिरातीची पट्टी ठरावीक वेळाने बदलत राहते. पालकांचा फोन धाकट्याच्या हातात गेला की अर्ध्या तासात कितीतरी इम्प्रेशन्स जमा होतात. एका दिवसातला मारा बऱ्याचदा इथून येतो. अशी अॅप्स वगळली. पूर्ण अॅप्सच बंद करावीत का, यावर आमच्यात वाद झाला. मी नको म्हटलं, कारण बातम्यांची आणि क्रिकेट स्कोअरची अॅप्स आमच्या पालकांसाठी चांगली जागा होती.

पुढच्या महिन्याचे आकडे कसे वाचावेत

बदल केल्यानंतर पहिला आठवडा मी निष्कर्ष काढत नाही. आणि तारखा निवडताना बदलाच्या आधीचा एकही दिवस आत येऊ देत नाही, नाहीतर जुनी सरासरी नव्यात मिसळते. बदल नेमका कोणत्या दिवशी झाला ते Change history मध्ये दिसतं.

महिन्याअखेर रिमार्केटिंगची इम्प्रेशन्स 9 लाखांवरून 4,05,000 वर आली होती. युनिक युजर्स जवळपास तेवढेच, 22,500. यादीची मुदत कमी केल्याने ते घटतील अशी मला भीती होती, पण निकालाचे दिवस असल्याने वेबसाइटवर नवे लोक येत होते आणि त्यांनी जागा भरून काढली. महिन्याची सरासरी 40 वरून 18 झाली. दिवसाचा हिशोब केला तर रोज 4,500 माणसं आणि 13,500 इम्प्रेशन्स, म्हणजे 3. त्यातली दिसलेली 1.8. कॅप 2 च्या आत. दिसण्याचे दिवस मात्र सहाच राहिले. हीच खूण मी शोधत होते: माणसं तेवढीच, दिवस तेवढेच, फक्त त्या दिवसातला मारा निम्म्याहून कमी.

रिमार्केटिंगमधून येणारे फॉर्म आधी 92 होते, आता 88 झाले. खर्च 54,000 रुपयांवरून 24,300 वर. एका फॉर्ममागे 587 रुपये पडत होते ते 276 झाले. या तुलनेला मी फार ताणत नाही, कारण दोन महिन्यांचा हंगाम सारखा नसतो आणि नव्वदेक फॉर्ममध्ये चाराचा फरक म्हणजे काहीच नाही. पण फॉर्म निम्मे झाले नाहीत, एवढं ठामपणे म्हणता येतं. आधीच्या महिन्यातल्या सहाव्या-सातव्या वेळेला दिसणाऱ्या जाहिरातींनी फारसं काम केलं नव्हतं.

क्लायंटचा फोन मात्र दहाव्या दिवशीच आला होता. "मॅडम, इम्प्रेशन्स एकदम पडली." साहजिक होतं, आम्हीच त्यांना महिनोन् महिने इम्प्रेशन्सवर खूश व्हायला शिकवलं होतं. एकूण आकडा 30 लाखांवरून 25 लाखांवर येणार होता. मी त्यांना स्क्रीन शेअर करून दोनच ओळी दाखवल्या, युनिक युजर्स आधी आणि आता. सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे माणसं तीच आहेत, त्यांना आपण कमी वेळा हाक मारतोय." पुढचं समजावावं लागलं नाही. तेव्हापासून त्यांच्या रिपोर्टमध्ये युनिक युजर्स पहिल्या कॉलममध्ये असतात आणि इम्प्रेशन्स शेवटच्या.

वाचलेले जवळपास 30,000 रुपये लगेच हलवले नाहीत. एकाच महिन्यात कॅपही बदलायची आणि बजेटही, तर कशाने काय झालं ते कळत नाही. तिसऱ्या महिन्यात ते नव्या लोकांच्या कॅम्पेनकडे वळवले. तिथली इम्प्रेशन्स 21 लाखांवरून 29.4 लाख झाली आणि युनिक युजर्स 2,85,000 वरून 3,68,000. सरासरी 7.4 ची 8 झाली. म्हणजे नवी इम्प्रेशन्स बहुतांशी नव्या माणसांवर खर्च झाली. ही सरासरी 8 ऐवजी 10-11 झाली असती आणि माणसं 2,85,000 च्या आसपासच राहिली असती, तर चार जिल्ह्यांतला तो गट संपत आलाय असं समजून मी बजेट थांबवलं असतं.

जे कॅपने सुटत नाही

युनिक युजर्सचा आकडा एकेक माणूस मोजून काढलेला नसतो. वेगवेगळ्या डिव्हाइसवरचा तोच माणूस ओळखण्यासाठी गूगल सांख्यिकी मॉडेल वापरतं. त्यामुळे 4,500 आणि 4,600 यांतल्या फरकावर निर्णय घेऊ नये. 4,500 आणि 9,000 यांतल्या फरकावर घ्यावा. कॅपलाही असाच अडथळा येतो. सफारी ब्राउझर तृतीय पक्षाच्या कुकीज मुळातच अडवतो, तिथे तोच माणूस पुन्हा आलाय हे ओळखणं अवघड होतं. आमच्या चार जिल्ह्यांत बहुतेक फोन अँड्रॉइडचे, त्यामुळे याचा त्रास कमी झाला. पुण्या-मुंबईतल्या आयफोनवाल्या ग्राहकांसाठी कॅम्पेन चालवत असाल तर प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी कॅपच्या थोडी वर गेलेली दिसेल, त्याची तयारी ठेवा.

आणि घरात एकच स्मार्टफोन असेल तर हिशोब उलट दिशेने चुकतो. फोन वडिलांचा, गूगल अकाउंट वडिलांचं, पण वेबसाइट मुलगी बघते, गेम धाकटा खेळतो आणि रात्री व्हिडिओ आई बघते. आपल्या लेखी तो एक युजर आहे. कॅप 2 असली तर त्या दोनपैकी एक जाहिरात गेममध्येच खर्च होऊ शकते आणि ज्या वडिलांनी फी भरायची त्यांना ती दिसतच नाही. मारा फार झाल्याच्या तक्रारीवर काम करताना ही बाजू विसरली जाते. गेमची अॅप्स वगळण्याला म्हणूनच दुहेरी फायदा होता.

सध्या दर सोमवारी आमचा तोच मुलगा शीट भरतो. प्रत्येक कॅम्पेनसाठी मागच्या सात दिवसांचे युनिक युजर्स, एका दिवसाचे सरासरी युनिक युजर्स, दिसलेली इम्प्रेशन्स, कॅपचा आकडा, ती कॅप कशाला लावली आहे ते, आणि चालू जाहिरातींची संख्या. हा शेवटचा कॉलम त्याने स्वतःहून जोडला. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका क्लायंटकडे जाहिराती दोनच्या पाच झालेल्या त्याच कॉलममध्ये दिसल्या, आणि तिथेही कॅप जाहिरातीला लावलेली निघाली. तक्रार येण्याआधीच ती कॅम्पेनवर आणली.